पाहुण्यांचा परिचय दोन दुभाष्यांसोबत: कुठे थांबायचं?

मीनल, शार्लट

नमस्कार मंडळी,
जानेवारीत धारणी तालुक्यात मंडळातर्फे नेत्रतपासणी शिबिर आहे. पाहुण्या डॉक्टरांचा परिचय मराठीत होईल. गावातला एक तरुण त्याचं कोरकूत रूपांतर करेल आणि कर्णबधिर मुलांसाठी नागपूरहून सांकेतिक भाषेच्या दुभाषी येतील. परिचयाची सुरुवात अशी लिहिली आहे:

"नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर परदेशी न जाता अकोल्यात रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या व गेली वीस वर्षं नेत्रशस्त्रक्रिया करीत असलेल्या आपल्या प्रमुख पाहुण्यांचं मी स्वागत करते."

दुभाष्यांसाठी यात कुठे थांबू?

सतीश, लंडन

मीनल, सोपं आहे. दर पाच-सहा शब्दांनी थांब आणि मनात तीन आकडे मोज. तुकडे जितके छोटे तितकं दुभाष्याला बरं.

विद्या, टोरांटो

सतीश, तुकडे छोटे हवेत हे बरोबर आहे, पण शब्द मोजून थांबलं तर मराठीत पंचाईत होते. "पदवी घेतल्यानंतर" पाशी थांबलीस, मीनल, तर कोरकू दुभाष्याने काय सांगायचं? पदवी कोणी घेतली आणि पुढे काय झालं, काहीच कळलेलं नाही. तुझ्या वाक्यात ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्या पाहुण्या थेट शेवटी येतात, आणि तोवर त्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. म्हणून वाक्यच मोडायचं. प्रत्येक तुकड्यात कर्ता हवा, शेवटी क्रियापद हवं, आणि आकडा असला तर एकच:

"आज आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टर आल्या आहेत." (थांब)
"त्या नागपूरच्या सरकारी कॉलेजात शिकल्या." (थांब)
"शिकून त्या परदेशी गेल्या नाहीत, अकोल्यात राहिल्या." (थांब)
"वीस वर्षं त्या डोळ्यांची ऑपरेशनं करत आहेत." (थांब)
"त्यांचं नाव..." (नाव सावकाश, आणि थांब)

"नाही" कधीही पुढच्या तुकड्यात ढकलू नकोस. "त्या परदेशी गेल्या" एवढ्यावर श्वास घेतलास तर तो उलटंच सांगून मोकळा होईल.

थांबल्यावर आकडे मोजायची गरज नाही. तोंड मिटून त्याच्याकडे बघ. त्याचं झालं की तो तुझ्याकडे बघेल, तेव्हाच पुढचं वाक्य. मधेच "म्हणजे" म्हणून पुस्ती जोडलीस की आधीचं त्याच्या हातून निसटतं. तुझ्या वाक्याच्या मानाने त्याचं फारच आखूड येऊ लागलं, तर तुकडा मोठा झाला असं समज. वेळ साधारण दुप्पट लागतो, म्हणून मूळ मजकूर दीड मिनिटाचाच ठेव.

सांकेतिक भाषेचं तंत्र वेगळं. त्या बाई तुझ्या मागोमाग, काही सेकंदांच्या अंतराने, खुणा करत राहतील. त्यांच्यासाठी दर वाक्याला थांबायला नको. अडतं ते नावाशी, कारण ते एकेक अक्षराने बोटांनी दाखवावं लागतं. आपल्याकडची बोटांची वर्णमाला मुख्यतः इंग्रजी अक्षरांची आहे, तेव्हा नावाचं रोमन स्पेलिंग त्यांना आदल्या दिवशी लिहून दे. कर्णबधिर मंडळींनी डॉक्टरांना नावाऐवजी वापरायची खूण दिलेली असेल तर तीही कळव.

आणि शाल-श्रीफळ देताना बोलू नकोस. मुलं एक तर दुभाषीकडे बघतील, नाही तर शालीकडे. आधी सांग, मग थांब, मग शाल.

प्रमोद, सिडनी

आमच्या आईला कमी ऐकू येतं, मशीन लावते. ती पण शिबिराला जाणार आहे. तिला या बाईंच्या समोर बसवावं का?

विद्या, टोरांटो

प्रमोद, आईंना खुणांची भाषा येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असं पुढे बसवा आणि स्पीकरच्या अगदी तोंडाशी नको. मीनल, माईक हनुवटीखाली धर, तोंडापुढे नको.

मंगेश, परतवाडा

विद्याताई, बराबर सांगितलं तुम्ही. एक गोष्ट मात्र राहून गेली. मेळघाटात बऱ्याच कोरकू लोकायले हिंदी समजते, काही जणायले मराठीबी. ते नाव आयकल्याबरोबर टाळ्या वाजवतीन आन् पोराचं कोरकू टाळ्यात बुडून जाईन. म्हाताऱ्या बाया तं त्याच्याच भरोशावर बसल्या राहतेत.

दुसरं, जे पोरं कधी मूकबधिर शाळेत गेलेच नाहीत, त्यायच्या खुणा घरच्या असतेत. नागपूरच्या बाईच्या खुणा त्यायले समजतीनच असं नाही.

विद्या, टोरांटो

मंगेशभाऊ, मग नाव मीनलने सांगूच नये. "आता यांचं नाव ऐका" म्हणून तिने थांबावं आणि नाव त्या तरुणाने सांगावं. टाळ्या त्यानंतर पडतील. तेवढ्यात दुभाषीची अक्षरंही पूर्ण होतील.

शाळेत न गेलेल्या मुलांचं अवघड आहे. गावात खुणांनी बोलणारी एखादी मोठी कर्णबधिर व्यक्ती असेल तर बाईंच्या खुणा बघून ती मुलांना त्यांच्या पद्धतीने सांगू शकते, पण मग तिच्यासाठी आणखी एक थांबा लागेल. तसं कोणी आहे का, ते तुम्हीच चौकशी करून कळवा.

सतीश, लंडन

इतके थांबे म्हणजे लोक कंटाळतील. कोरकूत फक्त सारांश दिला तर?

मंगेश, परतवाडा

सारांश नको, सतीशभाऊ. अर्धंच सांगितलं तं लोक विचारतेत, "लपवलं काय?" पायजे तं मराठीच कमी करा. त्या माणसाचं मी गुरुवारच्या बाजारात विचारतो.