‘लाख’ या शब्दात सॅल्मन मासा?

मुक्ता: पाउल थीमे या जर्मन संस्कृतज्ञांनी 1950 च्या दशकात असं मांडलं की संस्कृत ‘लक्ष’ (एक लाख) आणि ‘लाक्षा’, म्हणजे तांबडी लाख, हे दोन्ही सॅल्मनच्या जुन्या नावावरून आले. एक थव्यांवरून, दुसरा तांबूस मांसावरून. म्हणजे संस्कृत, जर्मन, रशियन अशा भाषांची पूर्वज भाषा बोलणारे मूळ इंडो-युरोपीय लोक बाल्टिककडे मिळणाऱ्या नद्यांकाठी राहत होते. हे कितपत पटतं?

अनिरुद्ध: पटण्यासारखं आहे. जर्मन लाख्स, लिथुआनियन लाशिशा, रशियन लोसोस, तिन्हींचा अर्थ सॅल्मन. हा मासा काळ्या समुद्रात किंवा कॅस्पियनमध्ये नसतो. तीन शाखा एकच सांगतात, आणखी काय हवं?

वसुधा: मासा तिथे नसतो हे बरोबर, पण मतमोजणी फसवी आहे. जर्मानिक, बाल्टिक आणि स्लाव्हिक या शेजारच्या शाखा, आणि तिथल्या नद्यांत सॅल्मन आहेच. बाहेरच्या दोन शाखा बघा. आजच्या पश्चिम चीनमध्ये पूर्वी बोलल्या जाणाऱ्या तोखारियनमध्ये ‘लाक्स’ म्हणजे नुसता मासा. कॉकेशसमधल्या ओसेटियनमध्ये ‘ल्यासाग’ हे तिथल्या ट्राउटचं नाव. ट्राउटची समुद्रात जाऊन नदीत परतणारी जात काळ्या समुद्राला आणि कॅस्पियनला मिळणाऱ्या नद्यांतही येते. म्हणून रिचर्ड डीबोल्ड म्हणाले की मूळ अर्थ हा ट्राउट असावा, आणि बाल्टिककडे गेलेल्यांनी तेच नाव तिथल्या मोठ्या माशाला दिलं. तसं असेल तर बाल्टिकचा पुरावा उरत नाही.

शशिकांत: आमच्याकडे दागिन्यांच्या पोकळीत लाख भरतात. तिला माशाचा वास कधी आला नाही बुवा! ही लाख किड्यापासून होते ना?

वसुधा: हो, किड्यापासूनच. थीमेंचा मुद्दा फक्त रंगाचा आहे. ‘लक्ष’चं मात्र मला अजिबात पटत नाही. ऋग्वेदात इंद्राला जिंकलेला ‘लक्ष’ उचलणाऱ्या जुगाऱ्याची उपमा दिली आहे, तिथे अर्थ पणाला लावलेली वस्तू. संख्येचा अर्थ नंतरचा. माशांचे थवे आधीपासून त्या शब्दात असते, तर जुन्या अर्थात त्यांचा काहीतरी माग दिसायला हवा होता.

मुक्ता: मग संस्कृतात माशाच्या अर्थाने शब्दच उरला नाही, यावरून त्यांच्या पूर्वजांना तो मासा माहीत नव्हता असं म्हणता येईल?

वसुधा: नाही. जिथे तो मासा दिसत नाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं की नाव विसरतं, नाहीतर दुसऱ्याच वस्तूला चिकटतं. तोखारियनमध्ये तेच झालं असावं.

अनिरुद्ध: मग या शब्दावरून भूगोल निघतच नाही म्हणायचं?

वसुधा: शब्दाचं रूप पक्कं आहे, कारण लिथुआनियनमधला ‘श’ आणि रशियनमधला ‘स’ ध्वनिनियमांनुसार जुळतात. रूपावरून इतकंच कळतं की शब्द जुना आहे. तो कोणत्या माशाचा होता हे आपण वारस भाषांतल्या अर्थांवरून ठरवतो, आणि त्यांतला कुठला निवडायचा हे बहुतेक वेळा आधीच मनात धरलेल्या नकाशावरून ठरतं.

अनिरुद्ध: तरी ट्राउटकडून सॅल्मनकडे अर्थ सरकला आणि उलट नाही, हे कसं ठरवलं? ओसेटियनवाले उत्तरेकडून सॅल्मनचं नाव घेऊन आले असतील.

वसुधा: तीही शक्यता आहे. फक्त या शब्दावरून ती खोडता येत नाही.