मदत हवी आहे: आजोबांच्या कॅमेऱ्यात अर्धा राहिलेला रोल

नमस्कार. मी वडोदऱ्याचा, अकरावीत आहे. दांडिया बाजारातलं घर आवरताना आजोबांचा आगफा क्लिक ३ सापडला. हा कॅमेरा तेव्हा आपल्या वडोदऱ्यातच बनायचा, असं आजी सांगते. मागच्या लाल काचेतून ९ आकडा दिसतोय, म्हणजे आत रोल आहे. केसमध्ये ऑर्वो एनपी २२ या कृष्णधवल फिल्मचं रिकामं खोकं होतं आणि एक चिठ्ठी, त्यावर आजोबांच्या अक्षरात १ ते ८: मांडवीखाली फुगेवाला, रावपुऱ्यात टांगा, न्यायमंदिरासमोर पाऊस, सूरसागर पहाटे, असं काय काय. १९८६ नंतर त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही. मी दोन वर्षांचा असताना ते गेले, त्यांचा आवाजही मला आठवत नाही.

हे फोटो अजून निघतील का? आणि उरलेले चार मी काढू का?

सयाजीगंजकर: कॅमेरा रोल डिलीट झाला असेल तर गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघ. माझे सगळे परत मिळाले होते.

मूळ लेखक: काका, फोनमधला नाही, फिल्मचा रोल आहे.

जुनीपेटी: घाबरू नकोस. बाथरूममध्ये लाल दिवा लाव, कॅमेरा उघड आणि रोल काढून घे. आमच्याकडे वडील असंच करायचे.

अंधारखोली: थांब, लाल दिवा अजिबात नको! तो कागदावर प्रिंट काढताना चालतो. एनपी २२ ला लाल प्रकाशही दिसतो, त्यामुळे आठही फोटो काळे होतील. रोल काढायचा तर पूर्ण अंधारात.

आधी लाल काचेवर काळी टेप लाव. मग चावी हळूहळू फिरव. फिल्म एवढ्या वर्षांत ताठ झालेली असते, जोर केलास तर फाटेल. आकडा बघायचा असेल तेव्हा सावलीत टेप क्षणभर उचल. १२ च्या पुढे फिरवत राहा. चावी एकदम सैल झाली की फिल्मच्या पाठीमागचा सगळा कागद दुसऱ्या रिळावर आला. चावी अडली तर तिथेच सोड आणि कॅमेरा तसाच डार्करूमवाल्याकडे ने.

आता उरलेल्या चार फोटोंबद्दल. फिल्मची ताकद चाळीस वर्षांत खूप उतरली आहे, त्यामुळे चांगले फोटो येणार नाहीत. पण ही कोरी जागा सोन्यासारखी आहे. गुंडाळलेला रोल अंधारात उलगडला की कागद सुटल्यावर फिल्मचं मोकळं टोक हाताला लागतं, ते १२ नंबरकडचं. तिथून वीतभरापेक्षा कमी तुकडा कापून आधी तोच धुवायचा. आजोबांच्या फोटोंना धक्का लागत नाही. सुकल्यावर तो वर्तमानपत्रावर ठेव. खालची अक्षरं वाचता आली तर जुनेपणाचा धुरकटपणा आवाक्यात आहे आणि बाकीचा रोल त्याच पद्धतीने धुता येईल. अक्षरं दिसलीच नाहीत, तर धुण्याची वेळ कमी करून आणखी एक छोटा तुकडा.

जुनीपेटी: लाल दिव्याचं चुकलंच माझं. पण रोडिनल डेव्हलपर अगदी पातळ करून त्यात रोल तासभर ठेवला तर मोजमाप लागत नाही, हे नक्की.

अंधारखोली: ताज्या फिल्मला ते उत्तम. जुन्या फिल्ममध्ये तासाभरात चित्राबरोबर धूरही वाढतो. मी एचसी-११० घेते, त्यात धूर कमी चढतो.

मुरारची_मंजू: आमच्या ग्वाल्हेरच्या घरी आईच्या लग्नाचा कृष्णधवल रोल निघाला होता. इथल्या एका लॅबने तो रंगीत फिल्मच्या रसायनात धुतला आणि कोरा परत दिला. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून देते.

अंधारखोली: बरोबर. रंगीतच्या ब्लीचमध्ये चांदी निघून जाते, आणि कृष्णधवल फोटो म्हणजे ती चांदीच. लॅबला तोंडी सांगून भागत नाही.

मुला, एक आधीच सांगते. या कॅमेऱ्याला ऊन लागायचं. टांगा भर दुपारचा असेल तर तो येण्याची आशा जास्त. पाऊस आणि पहाट फिकट असतील, तिथे मन घट्ट ठेव.

मूळ लेखक: ताई, आजी म्हणते टांगा दुपारचाच, ती त्यात बसली होती! मग १२ नंबरवर मी भर उन्हात मांडवीचा एकच फोटो काढला तर? कापायचा तुकडा तोच आहे ना.

अंधारखोली: काढ. धुराबरोबर चित्र किती उठतं तेही कळेल. फक्त ९, १०, ११ वर बटण दाबू नकोस. चिठ्ठीत आठच आहेत, पण नववा काढून लिहायचा राहिला असेल तर त्यावर दुसरा फोटो चढेल.

जुनीपेटी: मला पटत नाही. नेताना कॅमेऱ्याचं मागचं झाकण सुटलं तर? मी असतो तर घराबाहेर काढलाच नसता.

मूळ लेखक: झाकणाला चारही बाजूंनी टेप लावतो. रविवारी आजीला घेऊन मांडवीला जातोय. न्यायमंदिराच्या बाजूने उभं राहायचं की पाणीगेटच्या, ते तिलाच विचारतो. आजोबा कुठे उभे होते हे तिला माहीत आहे.