'उतरता लकवा' म्हटलं तर आई काय समजेल?

सहाण: बाळंतिणींसाठी एका पानाची सूचना लिहितेय: वर्षाच्या आतल्या बाळाला मध का चाटवायचा नाही. त्यात बोट्युलिझमची खूण सांगायची आहे, की आधी डोळे आणि तोंड, मग मान, मग हात, छाती, पाय अशा क्रमाने अंगातली ताकद जाते. जुन्या मसुद्यात याला 'अवरोही पक्षाघात' म्हटलंय. ते कुणाला कळणार, म्हणून मी 'उतरता लकवा' केलं. आमच्या आशाताईंना वाचायला दिलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बरा होत आलेला ना?" तेव्हापासून अडकलेय.

पाणवठा: आशाताईंनी बरोबर पकडलं. ताप उतरतो, सूज उतरते, नशा उतरते, साप चावल्यावर विष 'उतरवतात'. अंगात जे चढलं ते उतरलं की माणूस सुटला, अशी आपल्या भाषेची घडण आहे. 'उतरता लकवा' वाचून आई निर्धास्त होईल, आणि इथे तर उतरत जाणं हेच संकट आहे. 'लकवा'सुद्धा मला खटकतो. लकवा म्हटलं की एक बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं डोळ्यांपुढे येतं. यात दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडतात. पोलिओच्या पाहणीत 'लुळेपणा' म्हणत, तो जास्त जवळचा.

चष्मेवाली: बोट्युलिझम म्हणजे बोटॉक्सच ना? मला पापण्या आपोआप मिटण्याचा त्रास आहे, दर तीन-साडेतीन महिन्यांनी डोळ्यांभोवती हे इंजेक्शन घेते. एकदा डावी पापणी अर्धी खाली आली होती, काही आठवड्यांनी आपोआप वर गेली. मला तर याने आरामच पडतो. एवढं घाबरवायची गरज आहे का?

निशिगंध: ताई, तुमच्या पापणीत हाच सगळा प्रकार छोट्या रूपात झाला. मी बालरोगतज्ज्ञ आहे, काही वर्षं कॅलिफोर्नियात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम केलंय. नसेच्या टोकाशी एका रसायनाच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. हुकूम आला की पुडी टोकाच्या भिंतीला चिकटते, फुटते, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आखडतो. बोट्युलिनम विष नसेच्या टोकात शिरून पुडीला भिंतीशी बांधणारा प्रथिनाचा दुवाच कापतं. हुकूम येतो, पुड्याही भरलेल्या असतात, पण फुटत नाहीत. म्हणून सूचनेत 'नस मरते' लिहू नका, 'नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही' लिहा. नस नवे फुटवे काढते, दुवे पुन्हा बनवते. तुमची पापणी तशीच वर आली. तुमच्या इंजेक्शनात मोजून मापून, एका जागी दिलेला अगदी थोडा अंश असतो. बाळाच्या आतड्यात मात्र जंतू ते दिवसेंदिवस बनवत राहतो आणि ते रक्तातून सगळीकडे जातं.

रानवाट: मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. बोट्युलिझम मी पाहिलेला नाही, पण मण्यार चावलेले पुष्कळ पाहिलेत. चावा पायाला असतो आणि पेशंट म्हणतो, "डोळे जड झाले, जीभ उचलत नाही." पापण्या आधी पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. नातेवाईक म्हणतात विष पायातून वर चढतंय, आणि आम्ही पापण्या बघत असतो. तेव्हा सहाणताई, 'जड होणे' हा शब्द बघा. गावात तो लगेच कळतो.

आग्या: मी मधमाश्या पाळतो, म्हणून बोलतो. मधात जंतू वाढतच नाहीत, पाणीच नसतं तेवढं. हे सगळं भेसळीच्या मधाचं आहे. शुद्ध रानमध कडक तापवून दिला तर काही होणार नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळाला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात.

निशिगंध: दादा, मधात जंतू वाढत नाही हे खरं. पण त्याचं बीज, म्हणजे बीजाणू, मधात नुसतं झोपून राहतं, आणि ते मातीतून, धुळीतून शुद्ध रानमधातही येतं. भेसळीचा इथे संबंध नाही. तापवण्याचं म्हणाल तर विष उकळल्यावर मोडतं, बीज साध्या उकळीला दाद देत नाही. त्याला दाबाखाली 121 अंश लागतात, तेवढ्यात मध मधच राहणार नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून इतर जंतूंची गर्दी असते, त्यात या बीजाला रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्याचं आतडं अजून मोकळं असतं. कॅलिफोर्नियात 1976 साली हा आजार बाळांत पहिल्यांदा ओळखला गेला. मधाशिवायही तो होतो, पण धूळ टाळता येत नाही, मध येतो. चाटवलेल्या बहुतेक बाळांना काही होत नाही, म्हणूनच आजीला पटवणं जड जातं.

सहाण: आमच्याकडे गुटी मधातच उगाळतात. 'फक्त बोटभर' हे मी रोज ऐकते. निशिगंध, तुम्ही पाहिलेलं एखादं बाळ सांगाल? त्यावरून शब्द सापडेल.

निशिगंध: चार महिन्यांचं बाळ होतं. आधी पाच दिवस शी नाही. अंगावर पिणाऱ्या बाळात तसं होतं, म्हणून कुणी काळजी केली नाही. मग आई म्हणाली की दूध ओढत नाही, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं. रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. चेहऱ्यावर हसू येईना, पापण्या अर्ध्या. ताप नाही. आमच्याकडे आलं तेव्हा हात धरून उठवलं की मान मागे लटकत होती, महिन्यापूर्वी मान धरलेल्या बाळाची. डोळ्यांत बॅटरी मारली, आधी बाहुली आकसली, पण पुन्हापुन्हा मारल्यावर मंदावत गेली. शी तपासायला हवी आणि शी तर होत नाही, म्हणून थोडं निर्जंतुक पाणी देऊन नमुना काढला. अहवालाची वाट न पाहता लस दिलेल्या माणसांच्या रक्तातून बनवलेलं प्रतिविष दिलं. ते रक्तात फिरणारं विष पकडतं, नसेत शिरलेलं नाही. म्हणून लवकर द्यायचं. कॅलिफोर्नियातल्या चाचणीत या औषधाने दवाखान्यातला मुक्काम सरासरी 5.7 आठवड्यांवरून 2.6 वर आला होता. आणि जंतुदोष समजून जेंटामायसिन दिलं तर लुळेपणा वाढू शकतो, ही चूक घडते. हे बाळ सोळा दिवस श्वासयंत्रावर होतं. पुढे बरं झालं, पहिल्यांदा परत आलं ते चोखणं.

पाणवठा: म्हणजे 'विष उतरवलं' हेही इथे चालत नाही! फिरतं पकडलं, शिरलेलं तिथेच. मग 'वरून खाली पसरत जाणारा लुळेपणा' कसं वाटतं?

निशिगंध: 'पसरत' नको. विष डोक्यातून पायाकडे चालत जात नाही, रक्तातून सगळीकडेच पोचतं. डोळ्यांचे आणि घशाचे स्नायू आधी हार मानतात, एवढंच. वरून खाली 'दिसत जाणारा' म्हणा.

रानवाट: आईला हा फरक कशाला? ती 'पसरत' वाचून लवकर येईल. मी ठेवीन.

सहाण: मी रोगाचं नावच काढून टाकतेय. आत्ताचा मसुदा असा: "बाळाला दोन-तीन दिवस शी नाही, दूध ओढत नाही, रडणं बारीक झालं, पापण्या जड झाल्या, धरलेली मान पुन्हा टाकली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. मध चाटवला असेल तर न लपवता सांगा." एकच शंका आहे. आमच्याकडे 'मान टाकली' म्हणजे जीव गेला. दुसरा शब्द आहे का?

आग्या: 'मान सोडली' म्हणा. आमच्याकडे वासराला तसं म्हणतात. अंगठीचं मी घरी बोलतो, सुनेला आठवा लागलाय.

पाणवठा: विदर्भात 'सोडली' कसं ऐकू येईल, कुणी सांगेल का? आणि दोन-तीन दिवस शी नाही एवढ्यावरच सगळ्या आया धावत येतील. 'आणि त्यासोबत' घाला.