मदत हवी आहे: बॅज स्कॅन केले, यादीत नुसते आकडे

चाकणचा_पॅकर: गोरेगावच्या प्रदर्शनात आमचा पॅकिंग मशीनचा स्टॉल आहे, उद्या शेवटचा दिवस. दोन दिवसांत 180 बॅज स्कॅन झाले. आता यादी उघडली तर प्रत्येक ओळीत वेळ आणि सात आकडी नंबर. नाव नाही, फोन नाही. साहेबांना उद्या यादी हवी आहे. लवकर सांगा.

मेधा_क: स्कॅन कशाने केलं? आयोजकांच्या ॲपने?

चाकणचा_पॅकर: फोनमधल्या फुकटच्या क्यूआर ॲपने. त्यांचं ॲप दर फोनमागे पैसे मागत होतं.

तात्या_सेल्स: एक्सेलमध्ये VLOOKUP लावा, नावं मिळतील.

मेधा_क: तात्या, त्याला नंबर-नावाची दुसरी यादी लागते, ती आयोजकांकडेच आहे. काही बॅजच्या क्यूआरमध्ये पूर्ण माहिती असते, स्कॅन केल्यावर `BEGIN:VCARD` असं दिसतं. तुमच्यात फक्त नोंदणी क्रमांक आहे. सकाळी काउंटरवर एका फोनचं लायसन्स घ्या आणि 180 नंबर जुळवून द्याल का, हे ईमेलवर विचारा. नाही म्हणू शकतात, कारण पाहुण्याने संमती त्यांच्या ॲपमधल्या स्कॅनला दिलेली असते. फाइल मिळालीच तर डबल-क्लिक करून उघडू नका. 91 ने सुरू होणारा मोबाइल नंबर 9.19877E+11 असा दिसतो आणि तशीच CSV सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. डेटा मेनूतून आणा, फोनचा कॉलम टेक्स्ट ठेवा.

तात्या_सेल्स: एवढं कशाला? व्हिजिटिंग कार्ड मागायचं, फोटो काढायचा.

मेधा_क: बरेच जण कार्ड आणतच नाहीत. विचारून बॅजचा फोटो काढला तर नाव आणि कंपनी मिळेल, फोन मात्र लिहून घ्यावा लागेल.

सोसायटी_सचिव: आम्हालाही मेळाव्याचे बॅज छापायचेत. क्यूआर केवढा ठेवावा?

रवी_प्रिंट: 3 सेंमी ठेवा आणि दोन्ही बाजूंना छापा. दोरीवर बॅज उलटा फिरतोच.

चाकणचा_पॅकर: धागा भरकटतोय. नावं मिळाली तरी 180 जणांना एकदम व्हॉट्सॲप करू का?

मेधा_क: नको. अनोळखी लोकांना एकाच मजकुराची रांग लावली आणि काहींनी रिपोर्ट केलं तर तुमचा नंबरच बंद पडेल. उद्यापासून स्कॅन झाला की पाहुणा समोर असतानाच तीन गोष्टी लिहा: पाउच की बाटली, मिनिटाला किती नग, मशीन कधी हवं. तीन महिन्यांच्या आत हवं म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, त्यात त्याच्याच पाउचचा उल्लेख. नुसतं कॅटलॉग मागणाऱ्याला ईमेल पुरे. प्रत्येक ओळीपुढे फोन कोण करणार त्याचं नाव हवं, नाहीतर दोघे एकालाच फोन करतात आणि बाकीचे राहून जातात.

चाकणचा_पॅकर: ईमेल टाकला, उत्तर नाही. डायरीत चाळीसेक नोंदी आहेत, पण नावं अर्धवट. "पुण्याचे मसालेवाले, 100 ग्रॅम", एवढंच.

मेधा_क: डायरीत वेळ लिहिली आहे का? असेल तर स्कॅनच्या वेळेशी लावून बघा, नंबर सापडेल. आयोजकांना आधी तेवढे चाळीसच विचारा.

चाकणचा_पॅकर: वेळ फक्त आजच्या पानांवर आहे.