अनुभव धागा: घरी आई-वडिलांची शुश्रूषा आणि महिन्याचा खरा हिशोब

मृण्मयी, कोथरूड

आई 79 वर्षांची. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घालून घरी सोडलं. सोडायच्या आदल्या रात्री मी आणि भावाने रुग्णालयाच्या कँटीनमध्ये एका बिलाच्या मागे हिशोब मांडला. मावशी दिवसाला 800, म्हणजे महिन्याचे 24,000. औषधं 6,000. कॉटचं भाडं 3,000. एकूण 33,000, निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. मार्चअखेर प्रत्यक्षात 56,000 झाले, आणि त्यात एकही उधळपट्टी नव्हती.

फरक कुठे पडला ते लिहिते. मार्च 31 दिवसांचा. मावशी 27 दिवस आल्या, चार दिवस ब्युरोने बदली पाठवली, तिचा दर 950. तिथेच 25,400 झाले. औषधं 5,900. डायपर, अंडरपॅड, हातमोजे, क्रीम आम्ही धरलंच नव्हतं, तेही 5,900. फिजिओथेरपिस्ट वीस दिवस आले, 500 प्रमाणे 10,000. कॉटचं भाडं 2,800. उरलेले 6,000 किरकोळीत गेले: नळी बदलायला दोनदा सिस्टर, डॉक्टरांची एक घरभेट, घरी रक्त घेणं, नळीतून द्यायची प्रोटीन पावडर, वाढलेली वीज.

त्यात एअर बेड धरलेला नाही, कारण तो 3,200 ला विकतच घेतला. ब्युरोची 3,000 नोंदणी फीही नाही, ती वर्षातून एकदा. हे दोन्ही मी आता बारा महिन्यांवर पसरून वहीत महिन्याला 520 धरते.

तुम्ही हिशोब कसा धरता? काय विसरलात? आकडे द्या, गाव आणि साधारण काळही सांगा, कारण दर सगळीकडे सारखे नाहीत.

जुनी सिस्टर

मृण्मयीताई, मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, नंतर सहा वर्षं घरी जाऊन सेवा दिली. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण सुरुवात माणसापासून केलीत. मी नातेवाईकांना सांगायचे, आधी कागदावर चोवीस तास लिहा. सकाळी सहाला तोंड पुसणं, आठला नळीतून आहार, दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, डायपर कधी, औषध कधी. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे घरचं कुणी करेल, मावशी करेल, की शिकलेली सिस्टरच हवी.

नळीतून आहार देणं घरचं माणूस दोन दिवसांत शिकतं. डोक्याकडची बाजू उंच करायची आणि आहारानंतर अर्धा तास तशीच ठेवायची, हे मात्र पाळायला हवं. नळी बाहेर सरकली असं वाटलं तर घरच्यांनी आत ढकलायची नाही आणि काही द्यायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. म्हणजे सिस्टर महिन्याला दोन-तीनदाच लागते. तेवढ्यासाठी बारा तासांची सिस्टर ठेवून दुप्पट पैसे देणारी घरं मी पाहिली आहेत.

पण उलट चूक जास्त महाग पडते. चोवीस तासांची एक मावशी ठेवली म्हणजे रात्र सुटली, असं लोक धरतात. ती एकटी बाई आहे, रात्री झोपणारच, आणि तिने झोपायलाच हवं. मग रात्री पेशंट सात तास एका कुशीवर राहतो. आठ-दहा दिवसांत माकडहाडापाशी लाली दिसते. कूस बदलून, बोटाने दाबूनही ती पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली समजा. एअर बेड असला तरी वळवणं सुटत नाही. जखम खोल गेली की ड्रेसिंगचा खर्च महिनोन्महिने चालतो.

मृण्मयी, कोथरूड

आम्हाला ब्युरोने चोवीस तासांचे दिवसाला 1,200 सांगितले होते आणि बारा-बारा तासांच्या दोघींचे मिळून 1,700. महिन्याला 36,000 आणि 51,000. आम्ही दिवसाचीच ठेवली. रात्री अकरा आणि एक माझे, तीन आणि पाच भावाचे. तो हिंजवडीला नोकरीला जातो, गाडी चालवताना डुलकी येते म्हणाला तेव्हा आठवड्यातून दोन रात्री बाई लावली, 900 प्रमाणे. म्हणजे आता महिन्याला आणखी सातेक हजार. हे वर लिहायला हवं होतं.

अभिजीत क.

एक सरळ सूत्र सांगतो. साहित्य भाड्याने घेऊच नका. बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागलं, पाच लिटरचं. भाडं महिन्याला 5,000, नवीन 45,000. नऊ महिन्यांत पैसे वसूल. आम्ही घेऊन टाकलं. कॉटचंही तसंच.

स्मिता, इचलकरंजी

अभिजीतदादा, नऊ महिने वापरलंत तर वसूल. माझ्या सासऱ्यांना न्यूमोनियानंतर मशीन लागलं ते सहा आठवडे. मी विकत घेतलं असतं तर आज माळ्यावर असतं. डॉक्टरांना "किती दिवस लागेल" असं नाही विचारलं मी, कारण ते कुणीच सांगू शकत नाही. मी विचारलं, "हे पुढे बंद होण्यासारखं आहे का?" ते म्हणाले, आहे. म्हणून भाड्याने आणलं. फुप्फुसाचा जुना आजार असता तर मीही घेतलं असतं.

शिवाय भाड्यात बिघाडाची जबाबदारी त्यांची होती. एका रात्री मशीनचा पिवळा दिवा लागला, सकाळी त्यांनी दुसरं आणून दिलं. विकत घेतलेल्याला तेव्हा कुठे नेलं असतं?

आणि वीज. मशीनवर 350 वॅट लिहिलेलं. चोवीस तास चाललं तर दिवसाला साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. आमचा एरवीचा वापर 120 युनिट. एकदम 370 झाला आणि तीनशेच्या वरच्या टप्प्यात गेलो, तिथला दर वेगळा. वीज गेली तर म्हणून एक भरलेला सिलिंडर ठेवला होता, त्याचं भाडं आणि अनामत निराळी. इन्व्हर्टरवर मशीन किती वेळ चालतं ते दिवसा करून बघा, आमचं चाळीस मिनिटंच चाललं.

अभिजीत क.

हे पटलं. बाबांचा आजार जुना होता, म्हणून माझा हिशोब जमला. विजेचं मी धरलंच नव्हतं.

विदर्भकन्या

आम्ही आईला नागपूरला एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं आहे. महिन्याला 32,000, जेवण, मावशी, सिस्टर सगळं आत. डायपर आणि औषधं आपली. तुमच्या 56,000 पेक्षा कमीच. तिथे का नाही ठेवत?

मृण्मयी, कोथरूड

ताई, धागा घरच्या खर्चाचा आहे म्हणून तुलना टाळली होती. आई जागी असते तेव्हा खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाड बघते, आणि भाऊ आला की उजवा हात उचलते. सध्या तिला हलवायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. पण तुमचा आकडा राहू द्या, कुणाला तरी लागेल.

दापोलीकर

आमच्या गावात ब्युरो नाही. आजी अंथरुणावर होती तेव्हा वाडीतल्याच एक वहिनी यायच्या, महिन्याला 11,000 ठरलं होतं. स्वस्त वाटेल, पण हिशोब निराळा असतो. गणपतीचे सात दिवस आणि शिमग्याचे पाच त्या येणार नाहीत हे पहिल्या दिवशी ठरलं होतं, आणि ते रास्तच होतं, त्यांच्याही घरी गणपती. तेव्हा मुंबईहून आत्या रजा टाकून यायची. तिचा बिनपगारी रजेचा तोटा कुणी लिहिला नाही, मी नंतर काढला तर दोन वेळचे मिळून चौदा हजार निघाले.

दुसरं, उचल. लेकीच्या प्रवेशासाठी वहिनींनी 20,000 मागितले, आम्ही दिले. महिन्याला दोन हजार कापायचे ठरले. सहाव्या महिन्यात आजी गेली. उरलेले आठ हजार आम्ही सोडून दिले, घरात कुणाला वाईट वाटलं नाही. फक्त हे आधी धरायला हवं होतं, कारण ते पैसे काकांनी औषधांच्या पैशांतून दिले होते.

औषधवाला

एकोणीस वर्षं मेडिकल चालवतो. औषधांचा आकडा सगळे पहिल्या महिन्याच्या बिलावरून धरतात. घरी सोडताना दिलेल्या यादीत दोन प्रकारची औषधं मिसळलेली असतात. पाच-सात दिवसांची, म्हणजे अँटिबायोटिक वगैरे, आणि कायमची, म्हणजे रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी. काही नातेवाईक सगळंच दर महिन्याला भरत राहतात. महिन्याने डॉक्टरांपुढे यादी ठेवून विचारा, यातलं काय अजून हवं? एका आजोबांच्या अकरा गोळ्यांच्या सात झाल्या, बिल 6,400 वरून 3,900 वर आलं. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नका, रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही.

जनऔषधी केंद्रात बरीच कायमची औषधं खूप स्वस्त मिळतात. डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा, म्हणजे गोंधळ होत नाही.

मृण्मयीताई, नळीतून गोळ्या कुटून देता ना? नावापुढे एसआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती कुटायची नसते. दिवसभरात हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

मृण्मयी, कोथरूड

आत्ताच पट्ट्या काढून बघितल्या. रक्तदाबाच्या गोळीपुढे ईआर आहे. तीन महिने मावशी ती खलबत्त्यात कुटत होत्या, मीच सांगितलं होतं. डॉक्टरांना फोन लावते.

हेमंत

करात काही सुटतं का? आईचा आरोग्यविमा नाही. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ नागरिकाच्या औषधोपचारावर वर्षाला 50,000 पर्यंत वजावट आहे, रोखीने दिलेलं धरत नाहीत. म्हणून औषधं आणि फिजिओ मी बँकेतून देतो. पण मावशीचे पैसे त्यात येतात का? माझे सीए नाही म्हणाले, मेहुण्याचे सीए धरतात म्हणे.

जुनी सिस्टर

करातलं मला कळत नाही. ब्युरोकडून पावती मात्र दर महिन्याला घ्या. पुष्कळ ब्युरो मागितल्याशिवाय देत नाहीत.

मृण्मयी, कोथरूड

डॉक्टरांनी गोळी बदलली, आता दिवसातून दोनदा साधी. महिन्याला साठ रुपये जास्त. फिजिओही आता आठवड्यातून तीनदाच पुरेल म्हणाले, बाकीचे दिवस आम्ही करायचं. तिथे चार हजार वाचतील, ते मी भावाच्या रात्रींकडे वळवते.

शुभांगी

एवढंच सांगते. बाबा मे महिन्याच्या 4 तारखेला गेले. कॉट आणि सक्शन मशीन परत करायला आम्ही 19 ला फोन केला, कारण त्याआधी त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं. भाड्याचा महिना 6 तारखेला सुरू व्हायचा, म्हणून पूर्ण महिन्याचं भाडं अनामतीतून गेलं. दुकानदाराची चूक नव्हती, कागदावर तसं लिहिलं होतं. साहित्य आणताना तारीख आणि अर्ध्या महिन्याचं काय ते विचारून ठेवा, आणि परत करायचं काम घरातल्या नव्हे, शेजारच्या कुणावर तरी सोपवा. डायपरची न फोडलेली तीन पाकिटं होती, ती खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिली. त्यांच्याकडे काका आहेत.