मदत हवी आहे : कथेतल्या लोणच्यात नेमके काय बिघडले असावे?

नमस्कार. खानापूरच्या एका गृहिणीवर मी लघुकथा लिहीत आहे. कैरीच्या लोणच्यासाठी तिने सुरू केलेल्या पानावर, ऐन पावसाळ्यात, बेळगावच्या गिऱ्हाइकाने "बुरशी विकता का?" असे सर्वांदेखत लिहिले आहे. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ तिने मोजून घातलेले असते. मात्र त्याच वेळी घातलेली घरातली बरणी ती उघडते, तेव्हा तेल खाली गेल्याने उघड्या पडलेल्या फोडींवर हिरवट, केसाळ थर दिसतो. (नुसता पांढरा पापुद्रा दाखवला असता, तर दोष इतका उघड ठरला नसता.) कैऱ्या धुऊन कोरड्या न पुसल्यानेही असे होते का, आणि पैसे परत करण्यापलीकडे तिने त्या गिऱ्हाइकाला काय लिहावे, हे घरगुती लोणची विकणाऱ्या भगिनींनी कृपया सांगावे.