मदत हवी आहे: क्लबच्या वर्गणीत २,००० रुपये कुठे अडकले?

शटल_१९: बॅडमिंटन क्लबचे २०२४-२५चे हिशेब लिहितोय. वार्षिक सभासद १२०, वर्गणी प्रत्येकी ५००. वर्षभरात वर्गणीचे ५८,००० जमा झाले. त्यात मागच्या वर्षाचे ३,००० आणि पुढच्या वर्षाचे ४,००० आहेत. मागच्या ताळेबंदात येणे वर्गणी ५,०००, आगाऊ आलेली २,५००. यंदाचे ६,५०० अजून यायचेत. सगळी बेरीज-वजाबाकी करून उत्पन्न ५८,०००च येतं, यायला हवं ६०,०००. शिवाय चार आजीव सभासदांचे २०,००० आणि मृत्युपत्रातून मिळालेले ५०,००० कुठे दाखवायचे?

रोजमेळ: आजीव शुल्क परत द्यायचं नसतं, त्यामुळे सरळ उत्पन्नात घ्या. मृत्युपत्राचे मात्र भांडवल निधीत.

खतावणी: आधी वर्गणी. मागची थकबाकी ५,००० होती, त्यातले ३,०००च आले. उरलेले २,००० आजही येणेच आहेत. तुम्ही सुरुवातीचे ५,००० पूर्ण वजा केलेत, पण अखेरच्या येण्यात फक्त यंदाचे ६,५०० धरलेत. अखेरचं येणं ८,५०० घ्या:

```
५८,००० − ५,००० − ४,००० + ८,५०० + २,५०० = ६०,०००
```

ताळेबंदात ८,५०० मालमत्तेकडे, ४,००० देण्यांकडे. सभासदसंख्या गुणिले दर हा ताळा दरवर्षी घ्या. फक्त त्या १२०मध्ये आजीव सभासद मोजू नका, नाहीतर ताळा फसवेल.

रोजमेळ, परत द्यायचं नाही हे खरं, पण त्या पैशांच्या बदल्यात क्लबने पुढची कित्येक वर्षं सेवा द्यायची आहे. २०,००० एकाच वर्षाच्या उत्पन्नात घेतले तर यंदा वाढावा फुगतो आणि पुढे त्याच चौघांचा खर्च इतरांच्या वर्गणीवर पडतो. म्हणून ते ताळेबंदात आजीव सभासद निधीत ठेवा.

सोसायटी_सचिव: आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या थकबाकीवर व्याज लावतो. तुम्हीही लावा, पैसे लगेच येतात.

खतावणी: व्याज घटनेत तरतूद असेल तरच, आणि ते वर्गणीत मिसळू नका. मृत्युपत्राची प्रत मात्र फाइलला लावा. “फक्त कोर्टच्या दुरुस्तीसाठी” अशी अट असेल तर भांडवल निधी नव्हे, स्वतंत्र निधी. त्या रकमेच्या ठेवीवरचं व्याजही त्याच निधीत जाईल.

शटल_१९: ६०,००० जुळले! मृत्युपत्रात अट नाही, म्हणजे ५०,००० भांडवल निधीत. ते जुने २,००० बहुतेक बुडालेत. वर्गणीतून कमी करू?

खतावणी: नको. समितीचा ठराव करून बुडीत वर्गणी म्हणून खर्चात टाका. उत्पन्न ६०,०००च राहील, येणे ६,५०० उरेल.

रोजमेळ: आणि आजीव निधीतून दरवर्षी उत्पन्नात किती वळवायचं?

खतावणी: काही क्लब दरवर्षी माणशी वार्षिक वर्गणीएवढी रक्कम वळवतात, इथे ५,०००ला ५०० म्हणजे दहा वर्षं पुरेल. काही सभासद हयात असेपर्यंत हात लावत नाहीत, मग भांडवल निधीत नेतात. तुमचे ऑडिटर काय धरतात ते विचारा, पण जी पद्धत धराल ती दरवर्षी तीच.